आमची वाटचाल : उधारीच्या बिलापासून समरी दाव्यापर्यंत

भोसरी एमआयडीसीत आमचा कोरुगेटेड बॉक्सचा कारखाना आहे. मी आणि दादा, दोघे भागीदार. सुरुवात तीन प्लायच्या साध्या खोक्यांनी केली, पुढे चाकणच्या वाहन-सुट्या भागांच्या कारखान्यांसाठी पाच आणि सात प्लायचे बॉक्स करू लागलो. या धंद्यात पेपर मिलचे पैसे वेळेवर द्यावेच लागतात, नाहीतर पुढचे रीळ येत नाही. गिऱ्हाईक मात्र साठ दिवसांची उधारी मागतं. मधला सगळा भार बँकेतल्या आमच्या सीसी कर्जखात्यावर. म्हणून एका मोठ्या गिऱ्हाइकाने पैसे थकवले तेव्हा आमचं पुढचं सगळं वर्ष त्यापायी अडलं. ती वसुली कशी झाली, हे आमच्यासारख्या छोट्या पुरवठादारांना उपयोगी पडेल म्हणून तपशिलात लिहितो.

येणं होतं १८,४०,००० रुपये, सात बिलांचं. त्या काळात आमची उद्यम नोंदणी झालेली नव्हती, त्यामुळे लघुउद्योगांच्या थकलेल्या बिलांचे वाद ऐकणाऱ्या फॅसिलिटेशन कौन्सिलचा मार्ग त्या बिलांना लागू नव्हता. आम्ही वकील मॅडमकडे लेजरचा उतारा घेऊन गेलो. त्यांनी तो बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "उतारा नको, मला एकेका बिलाची फाईल द्या. खरेदीची ऑर्डर म्हणजे पीओ, चलन, गेटवरचा माल आत घेतल्याचा इनवर्ड शिक्का, सही."

कारण समरी दावा, म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३७ खालचा दावा, कुठल्याही येण्यासाठी चालत नाही. हुंडी, वचनचिठ्ठी, चेक किंवा लेखी करारावर ठरलेली निश्चित रक्कम, अशा ठरावीक येण्यांसाठीच तो आहे. पीओनुसार माल गेला, बिलावर दर आणि मुदत आहे, आणि माल घेतल्याची सही आहे, तर ते बिल लेखी करार म्हणून उभं राहतं, असं मुंबई उच्च न्यायालयाने मानलं आहे. नुसत्या चालू खात्याच्या बाकीवर मात्र समरी दावा टिकवणं अवघड. म्हणून दाव्यात बाकी मागितली नाही, बिलं मागितली.

सातपैकी एका बिलावर, १,६५,००० रुपयांच्या, समोरच्याने माल येताच ओलसरपणाची तक्रार करून रक्कम कापल्याची डेबिट नोट पाठवली होती. दादा ते सोडायला तयार नव्हता. मॅडमनी समजावलं की खरा वाद असलेलं एक बिल आत घातलं तर समोरच्याला बचावाला धागा मिळतो आणि उरलेली स्वच्छ बिलंही त्याच्यासोबत साध्या दाव्याच्या लांब रांगेत जातात. आम्ही ती रक्कम सोडली. उरले १६,७५,०००, सहा बिलांचे, आणि साठ दिवसांनंतरचं वर्षाला १८ टक्के व्याज. व्याजाची अट प्रत्येक बिलावर छापलेली होती, म्हणूनच ते मागता आलं.

आता कोर्टात जायचं, असं आम्हाला वाटलं. पण तीन लाखांच्या वरचा व्यापारी वाद कमर्शियल कोर्टात जातो, आणि तातडीच्या अंतरिम आदेशाची गरज नसेल तर कमर्शियल कोर्ट्स कायद्याच्या कलम १२-अ प्रमाणे आधी मध्यस्थी करावीच लागते. 'पाटील ऑटोमेशन' प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ही अट बंधनकारक ठरवली. मध्यस्थी न करता दाखल केलेला दावा फेटाळला जातो. तातडीच्या मनाई हुकमाची खोटी मागणी जोडून ही पायरी चुकवताही येत नाही, मागणी खरी आहे का ते कोर्ट तपासतं.

म्हणून शिवाजीनगरला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज दिला, फी एक हजार रुपये. प्राधिकरण समोरच्याला नोटीस काढतं. तो आला नाही तर शेवटची नोटीस. तरीही आला नाही किंवा नकार दिला तर 'नॉन-स्टार्टर' अहवाल मिळतो आणि तोच दाव्याला जोडायचा असतो. आमचं गिऱ्हाईक शेवटच्या नोटिशीला हजर झालं. मग मध्यस्थाची फी भरावी लागली. दहा ते पन्नास लाखांच्या वादाला तीस हजार, दोघांत निम्मी निम्मी. मध्यस्थीला तीन महिने मिळतात, दोघे तयार असतील तर आणखी दोन. हा काळ दावा दाखल करायच्या मुदतीत धरला जात नाही, आणि आम्हाला त्याचा मोठा आधार झाला, कारण मुदतीची तीन वर्षं प्रत्येक बिलाची वेगळी मोजायची असतात आणि मूळ तारखेपासून मोजली तर आमच्या सर्वांत जुन्या बिलाची संपत आली होती.

बैठकीत त्यांचे संचालक स्पष्ट म्हणाले, "देणं मान्य आहे, आत्ता पैसे नाहीत. दहा लाख घ्या, हप्त्याने." पुढच्या तारखेचे चेक द्यायची तयारी नव्हती, म्हणून आम्ही नाही म्हटलं. बाहेर आल्यावर दादा खूश होता, कबुली मिळाली म्हणून. मॅडम म्हणाल्या, "ती कबुली त्या खोलीतच राहिली, दादा. मध्यस्थीतलं बोलणं गोपनीय असतं. कोर्टात त्याचा उल्लेखही करता येत नाही."

आमच्या उपयोगी पडला तो वेगळाच कागद. मध्यस्थीच्या खूप आधी, ३१ मार्चच्या हिशेबासाठी आमच्या अकाउंटंटने बाकी मान्य असल्याचं पत्र, बॅलन्स कन्फर्मेशन, सहीसाठी पाठवलं होतं आणि त्यांच्या अकाउंट्स मॅनेजरने सही-शिक्क्यासह परत केलं होतं. त्यात सातही बिलांचे क्रमांक होते. मध्यस्थीला जाण्याआधी असा कागद हातात असावा, हे मी प्रत्येकाला सांगतो. मुदतीच्या आत सही झाली तर त्या तारखेपासून मुदतही नव्याने मोजली जाते.

मध्यस्थी फसल्याचा अहवाल जोडून दावा दाखल केला. दाव्याच्या शीर्षकात, क्रमांकाच्या लगेच खाली 'ऑर्डर ३७ खाली' असं लिहावं लागतं, आणि ऑर्डरबाहेरची कुठलीही मागणी नाही असं दाव्यात म्हणावं लागतं. समन्स पोचल्यावर प्रतिवादीला हजर व्हायला दहा दिवस. तो हजर झाला की आपण प्रतिज्ञापत्रासह 'समन्स फॉर जजमेंट' पाठवायचं, त्यानंतर पुन्हा दहा दिवसांत त्याने बचावाची परवानगी मागायची. साध्या दाव्यात प्रतिवादी कैफियत देतो आणि पुरावा सुरू होतो. इथे आधी त्याला कोर्टाची परवानगी मिळवावी लागते, आणि समरी दाव्याचा सगळा जोर या एका गोष्टीत आहे.

त्यांनी परवानगी मागितली, सगळाच माल निकृष्ट होता म्हणून. आम्ही दाखवलं की सहा बिलांवर एकही रिजेक्शन नोट नाही, उलट त्यांच्या माल मिळाल्याच्या नोंदीवर, जीआरएनवर, 'स्वीकारला' असा शेरा आहे, आणि त्याच बिलांचं जीएसटी क्रेडिट त्यांनी घेतलं आहे. सोडून दिलेल्या सातव्या बिलाचा इथे फायदा झाला. तक्रार असते तेव्हा हे लगेच डेबिट नोट पाठवतात, हे त्यांच्याच कागदावरून दिसत होतं. बचाव भक्कम असेल तर कोर्ट विनाअट परवानगी देतं, अगदीच पोकळ असेल तर नाकारतं, आणि शंका असेल तर पैसे भरायला लावतं. आमच्याकडे तिसरं घडलं : सहा आठवड्यांत दहा लाख कोर्टात भरा, तर बचाव करा, न भरल्यास निकाल दाव्याप्रमाणे.

मुदत संपायच्या आत त्यांच्या वकिलांचा फोन आला. सहमतीच्या अटी कोर्टात दाखल झाल्या : मुद्दल पूर्ण १६,७५,०००, चार हप्त्यांत, व्याज निम्मं सोडायचं, आणि एक हप्ता चुकला तर राहिलेली सगळी रक्कम पूर्ण व्याजासह लगेच देय. ती शेवटची अट मॅडमनी हट्टाने घालून घेतली, कारण ती असली की हप्ता चुकल्यावर नवा दावा लागत नाही, थेट अंमलबजावणीचा अर्ज करून समोरच्याचं बँक खातं जप्त करता येतं. अर्थात खात्यात काही शिल्लक असेल तरच. बुडीत निघालेल्या कंपनीकडून हुकूमनामाही पैसे आणून देत नाही, म्हणून वसुलीला उशीर करू नये.

चारही हप्ते आले. आता उद्यम नोंदणी आहे, आणि चाकणला गाडी गेली की ड्रायव्हर शिक्का, सही आणि सही करणाऱ्याचं नाव असलेलं चलन घेतल्याशिवाय गेटबाहेर येत नाही.