चार्ट लागेपर्यंत

दुपारी जेवण झालं की मी पीएनआर टाकून पाहतो. GNWL 31/WL 9. पहिला आकडा तिकीट काढलं त्या वेळचा, तो कायम तसाच राहतो. दुसरा आत्ताचा. सकाळी अकरा होता. म्हणजे दोघांनी बेत बदलला. कोणी, का, ते कळायला मार्ग नाही. कन्फर्म बर्थवाल्यांनीच रद्द केलं असेल असंही नाही. माझ्या पुढे वेटिंगमध्ये ताटकळणाऱ्या कुणी कंटाळून रद्द केलं, तरी आकडा खाली येतो. मागच्यांनी काहीही केलं तरी मला फरक पडत नाही.

आणि ही रांग अख्ख्या गाडीची नसते. गाडी निघते तिथून किंवा जवळपासहून लांबच्या प्रवासाला बसणारे बहुतेक GNWL मध्ये. मधल्या स्टेशनांची RLWL किंवा PQWL. तिथला कोटा मुळातच आखूड, त्यामुळे तिथला नऊ आणि माझा नऊ एक नव्हे. तत्काळच्या वेटिंगला तर आरएसीची पायरीच नाही. थेट बर्थ, नाहीतर काही नाही.

लहानपणी चार्ट डब्याच्या दाराशी चिकटवलेला असायचा. लांबलचक कागद, गोंद अजून ओला, आणि त्यावर तुटक ठिपक्यांची छपाई. बाबा नावावर बोट ठेवत खाली यायचे, आणि मी अनोळखी माणसांची वयं वाचायचो. F 67, साइड लोअर. कोण असेल ही आजी? बाबांना आमचं नाव सापडेपर्यंत ती कुठे चाललीय ते मी ठरवूनही टाकलेलं असायचं.

आता चार्ट फोनवर लागतो, तोही पूर्वीपेक्षा बराच आधी. त्या वेळी एक गंमत होते. अडीअडचणीसाठी राखलेल्या इमर्जन्सी कोट्यातल्या न वापरलेल्या जागा वेटिंगला मिळतात, आणि दिवसभर न हललेला आकडा एकदम गळून पडतो. गाडी सुटण्याच्या अर्धा तास आधी दुसरा चार्ट निघतो, पण तोवर उरलेल्या वेटिंगसाठी तो कामाचा नसतो.

नाहीच झालं, तर ऑनलाइन तिकीट आपोआप रद्द होतं, थोडी कपात होऊन पैसे परत येतात, आणि त्या तिकिटावर गाडीत चढता येत नाही. एकाच पीएनआरवर काहींचं कन्फर्म झालं असेल, तर बाकीच्यांना चढता येतं. खरा घोळ खिडकीवरच्या तिकिटाचा. ते आपोआप रद्द होत नाही. गाडी सुटण्याच्या अर्धा तास आधीपर्यंत आपणच रद्द करायचं, नाहीतर पैसे बुडाले. आमची आत्या अजूनही खिडकीवरच तिकीट काढते. "हातात कागद हवा," म्हणते.

ताई म्हणते, चार्ट लागेपर्यंत बॅग भरू नये. मी भरतो. रिकामी करायला कितीसा वेळ लागतो.