नियम मुलांनीच शोधला

आज सातपूरच्या शाळेत सातवीला इंग्रजीतलं ‘अ’ आणि ‘ॲन’ शिकवलं, पण नियम सांगितला नाही. फळ्यावर दोन रकाने केले. एकीकडे अ ग्रेप, अ टोमॅटो, अ बस. दुसरीकडे ॲन अनियन, ॲन एग, ॲन अंब्रेला. जोडीजोडीने बोलून मुलांनी उत्तर काढलं: ए, ई, आय, ओ, यू यांपैकी अक्षर आधी आलं की ‘ॲन’.

हा अर्धा नियम मी मुद्दाम येऊ दिला. मग खाली लिहिलं: ॲन अवर, अ युनिफॉर्म, अ वन-रुपी कॉइन. वर्ग गोंधळला. हे शब्द सुरुवातीलाच मिसळले असते तर त्यांना काहीच धागा सापडला नसता, आणि दिलेच नसते तर चुकीचा नियम पक्का झाला असता.

“मोठ्याने म्हणा आणि मराठीत लिहा,” एवढंच सांगितलं. वहीत अवर, युनिफॉर्म, वन उतरलं आणि मागच्या बाकावरची मुलगी ओरडली, “मॅडम, अक्षर नाही, पहिला आवाज बघायचा!” काय आनंद झाला मला!

पण एकीला कळलं म्हणजे वर्गाला कळलं असं नसतं. म्हणून प्रत्येकाला नवे शब्द कारणासह लिहायला दिले: ऑनेस्ट मॅन, युरोपियन, एमएलए. शेवटच्यावर बरेच अडले, कारण एम हे व्यंजन. उच्चार मात्र ‘ए’पासून, म्हणून ॲन एमएलए.

‘द’ असा शोधायला देणार नाही. तो कुठे लागतो ते आवाजावरून नाही, संदर्भावरून ठरतं. चार उदाहरणांत ते सापडत नाही.