वर्कशॉपचा मेझनाइन: बीम ठरले, जोड ठरले, ब्रेसिंग बाकी

वर्कशॉपमधल्या मेझनाइनची, म्हणजे छताखालच्या स्टीलच्या मधल्या मजल्याची, मांडणी पक्की झाली. मजला ४ मीटर × ३.६ मीटर, चार कोपऱ्यांत चार खांब. ३.६ मीटरच्या दोन बाजूंना मुख्य बीम आणि त्यांच्यामध्ये दर १.२ मीटरवर ४ मीटर लांबीचे दुय्यम बीम. वर सामान ठेवायचं आहे, म्हणून चौरस मीटरला ५०० किलो भार धरला. प्लेट आणि बीमचं स्वतःचं वजन मिळून आणखी १०० किलो.

दुय्यम बीमवर प्रत्येकी १.२ मीटर रुंदीच्या पट्ट्याचा भार येतो, म्हणजे मीटरला ७२० किलो, ७.२ किलोन्यूटन. wL²/8 ने मोमेंट १४.४ किलोन्यूटन-मीटर. जुन्या वर्किंग स्ट्रेस पद्धतीत साध्या स्टीलला १६५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताण चालतो, त्यानुसार सेक्शन मॉड्युलस साधारण ८७ घन सेंमी हवा. ISMB 150, म्हणजे १५० मिमी उंचीचा I आकाराचा बीम, त्याचा ९७ च्या आसपास आहे, म्हणजे पास. बरेच जण हिशोब इथेच थांबवतात.

झोल मात्र वेगळंच सांगतो. 5wL⁴/384EI मध्ये फक्त सामानाचा भार, मीटरला ६ किलोन्यूटन, घातला तर ISMB 150 मध्यात जवळजवळ १४ मिमी वाकतो. मी मर्यादा L/360 धरली आहे, म्हणजे ११ मिमी. बीम तुटणार नाही, पण चालताना मजला लचकेल आणि वरची रॅक डुलेल. ISMB 175 घेतला की झोल ८ मिमीवर येतो, वजन मात्र मीटरला साडेचार किलोच वाढतं. सूत्रात लांबीचा चौथा घात आहे हे विसरू नका: तोच भार असताना गाळा ४ वरून ५ मीटर झाला तर झोल जवळजवळ अडीचपट होतो. आणि तो १६५ चा ताण वरचा फ्लँज आडवा सरकू शकत नसेल तरच धरायचा. म्हणून प्लेट बीमवर नुसती ठेवायची नाही, टप्प्याटप्प्याने वेल्डचे टाके मारायचे.

प्लेट ६ मिमी चेकर्ड. १.२ मीटरचा गाळा ती एकटी पेलेल असं वाटतं, पण एका गाळ्यापुरती सुटी प्लेट पूर्ण भाराखाली ३५ मिमीपेक्षा जास्त खाली जाते. गाळा ६०० मिमी केला की हेच दोन-अडीच मिमीवर येतं. म्हणून दुय्यम बीमच्या मध्ये, दर ६०० मिमीवर ६५×६५×६ चे अँगल, सपाट पाय प्लेटला लागून. जाड प्लेट घेण्यापेक्षा हे हलकं पडतं.

मुख्य बीम ताकदीने आणि झोलाने, दोन्ही हिशोबांनी ISMB 175 चाच पुरला असता. तरी ISMB 200 घेतला, कारण जोड. दोन्ही बीमचे माथे एका पातळीत आणायचे तर दुय्यम बीमच्या टोकाला नॉच लागतो. उंची सारखी असती तर वरचा आणि खालचा, दोन्ही फ्लँज कापावे लागले असते. २०० मध्ये १७५ बसवला की खाली २५ मिमी मोकळे राहतात आणि खालचा फ्लँज अखंड राहतो. नॉचचा आतला कोपरा कटरने काटकोनात कापू नका. आधी तिथे ड्रिलने भोक पाडा आणि काप त्या भोकापर्यंतच आणा. ग्राइंडरचा काप कोपऱ्याच्या पुढे गेला तर चीर नेमकी तिथूनच सुरू होते.

मुख्य बीमच्या वेबला फिन प्लेट वेल्ड केली आहे, तिला दुय्यम बीमचा वेब दोन M16 बोल्टने. टोकाला १४.४ किलोन्यूटन येतात. भार दीडपट करून धरला तरी ४.६ ग्रेडचा एकच बोल्ट शिअरमध्ये पुरतो, पण एका बोल्टवर बीम फिरतो, म्हणून किमान दोन. भोकं १८ मिमी, ड्रिलने पाडलेली, गॅसने जाळलेली नाहीत. बोल्टमधलं अंतर ६० मिमी, कडेपासून ३५. आवळल्यावर नटाबाहेर किमान एक आटा दिसायला हवा.

या जोडात एक मर्यादा आहे. फिन प्लेट बिजागरीसारखी वागते, त्यामुळे अशी चौकट उभा भार घेते, पण बाजूने ढकलली तर तिरकी होते. दोन्ही दिशांना तिरपं ब्रेसिंग हवंच. खांबांवर प्रत्येकी साधारण २.२ टन येतात, त्यामुळे बेसप्लेटखालच्या काँक्रीटची जाडी कोअर काढून बघायची आहे. हे आकडे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडे तपासायला दिले आहेत. त्यांचा होकार आला की पुढची बाजू येण्याजाण्यासाठी मोकळी ठेवून उरलेल्या तीन बाजूंना ब्रेसिंग चढेल, आणि त्यानंतरच अँगल व प्लेट.