रेंज फुल्ल, फोन कट

आमच्या हॉस्टेलवर रात्री नऊ ते दहा ही घरच्यांशी बोलायची वेळ. जूनपासून त्या तासाची पार माती झाली होती. पप्पा गडहिंग्लजहून बोलायचे, "ऐकू यीना झालंय, परत बोल की," आणि मी परत बोलेपर्यंत फोन कट. गंमत म्हणजे रेंजच्या काड्या पूर्ण दिसायच्या. राजारामपुरीच्या गल्लीत शेजारच्या इमारतींनी गच्च वेढलेली आमची दोन मजली इमारत, त्यात माझी खोली आतल्या बाजूची. तिथं फुल्ल रेंज दिसते याचाच खरं तर आधी संशय यायला हवा होता. पण इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला असूनही मी महिनाभर कंपनीलाच शिव्या घातल्या.

खूण पटली ती लाईट गेल्यावर. एका रात्री अंधार झाला, काड्या चारवरून एकीवर आल्या आणि त्या एका काडीवर मी पप्पांशी वीस मिनिटं सलग बोलले. लाईट आली आणि दोनच मिनिटांत फोन कट. टॉवरला बॅटरी असते, तो चालूच होता. म्हणजे आमच्याच इमारतीत विजेवर चालणारं काहीतरी रेंज वाढवत होतं आणि बोलणं बिघडवत होतं. खोलीतल्या मैत्रिणीचं सिम दुसऱ्या कंपनीचं, तिचेही फोन तुटायचे, त्यामुळे एका टॉवरचा दोष असण्याची शक्यता मागे पडली.

मी फोनवर *#*#4636#*#* दाबलं. सगळ्याच फोनवर हे उघडत नाही, माझ्यावर उघडलं. RSRP दिसत होता उणे ७४, म्हणजे सिग्नल जोरदार. पण RSRQ उणे १८. पहिला आकडा आवाज किती मोठा आहे ते सांगतो, दुसऱ्यावरून त्या आवाजात गोंगाट किती मिसळलाय त्याचा अंदाज येतो. काड्या मुख्यतः पहिल्या आकड्यावर ठरतात. फोन तुटतो तो दुसऱ्यापायी.

फोन हातात धरून पॅसेजमधून चालत गेले. जिन्याजवळ RSRP सगळ्यात चांगला आणि RSRQ सगळ्यात वाईट. वर बघितलं तर छताला पांढरी बशी चिकटवलेली. तिची केबल जिन्याच्या माळ्यावरच्या एका डब्याला, आणि डब्यातून दुसरी केबल गच्चीवरच्या अँटेनाला. डब्यावरचा लाल दिवा जळत होता, त्याखाली ALARM. त्याच्यावर बोटभर धूळ.

"ते होय? रेंजचं मशीन," रेक्टर काकू म्हणाल्या. "मालकांनी दोन वर्षांमागं बसवलंय. तवापासून झ्याक चाललंय की."

दोन वर्षं चाललेलं यंत्र जूनमध्येच का बिघडलं, हे गच्चीवर गेल्यावर उमगलं. जिन्यावर आधी लोखंडी पत्रा होता. पावसाळ्याच्या तोंडावर तो काढून मालकांनी उजेडासाठी पारदर्शक प्लास्टिकचे पत्रे घातले होते. बाहेरचा अँटेना टॉवरचा सिग्नल घेतो, डबा तो वाढवतो, बशी आत सोडते. आतला वाढलेला सिग्नल परत गच्चीवर पोचला तर डबा तोच पुन्हा वाढवतो. मंडळाच्या स्टेजवर कुणी माईक स्पीकरसमोर धरला की कुईऽऽ होतं, अगदी तसंच. डब्यावर ७० डीबी लिहिलं होतं, म्हणजे एक कोटी पट. बशीपासून अँटेनापर्यंत जाताना सिग्नल याहून जास्त, शक्यतो ८५ डीबी तरी, घटायला हवा. लोखंडी पत्रा ते काम गुपचूप करत होता. प्लास्टिकमधून लहरी आरपार जातात. चांगला डबा अशा वेळी स्वतःच जोर कमी करतो किंवा बंद पडतो. आमच्या डब्यानं फक्त दिवा लावला.

काकूंच्या परवानगीनं मी डबा चालू ठेवून दहा फोन लावले, पाच-पाच मिनिटांचे. सहा तुटले. प्लग काढून दहा लावले, एकही तुटला नाही. RSRP उणे १०१ वर घसरला, RSRQ उणे ११ वर आला. डबा खरंच कुईकुई करत होता हे पक्कं सांगायला स्पेक्ट्रम ॲनालायझर लागतो, तो मजजवळ नव्हता. पण प्लग काढायला तेवढा पुरावा पुरला.

मालक मात्र चिडले. "पैसे मोजलेत मी! लोखंडी पत्रा परत घालतो, मग झालं?" मी सांगितलं की पत्र्यानं घरातलं दुखणं थांबेल, पण असा डबा कंपनीच्या संमतीशिवाय लावताच येत नाही. तो फोनकडून टॉवरकडे जाणारा सिग्नलही वाढवतो, आणि बिघडला की गोंगाट थेट टॉवरच्या कानात ओततो. ते पटलेलं दिसलं नाही. तेवढ्यात समोरचा मेडिकलवाला सहज म्हणाला, "आज दुपारपासनं माझा फोन बरा लागतोय, काय केलं काय हो?" मालकांनी एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि डबा खाली उतरवायला सांगितला.

आता आतल्या खोल्यांत एखादी काडीच दिसते. मुलींच्या फोनवर वाय-फाय कॉलिंग चालू करून दिलं. काकूंचा फोन बटणांचा, त्या गच्चीवर जाऊन बोलतात आणि खाली येताना रोज माझ्या दारावर टकटक करून म्हणतात, "तुझ्यापायी जिना चढतोय बाई."