टोमॅटोची साल आणि सुरीची मूठ

परवा दुपारी टोमॅटोवर सुरी ठेवली आणि ती साल न कापता बाजूला घसरली. सुरी बोथट झाल्याचे टोमॅटोइतके तोंडावर कोणी सांगत नाही. कांदा आणि बटाटा बिचारे मुकाट्याने चेचून घेतात. मी पाते उलटे करून, धार वर ठेवून, दिव्याखाली धरले. चांगल्या धारेवर प्रकाश परतवण्याइतकी रुंदीच नसते, त्यामुळे ती दिसतही नाही. जिथे धार मेलेली असते तिथे मात्र केसाएवढी पांढरी रेघ चमकते. माझ्या सुरीवर नेमकी मधल्या दोन बोटांच्या भागात, जिथे रोजची भाजी कापली जाते तिथेच, ती रेघ होती.

ही सुरी मऊ म्हणावी अशा स्टेनलेस स्टीलची आहे. रॉकवेल मापाने तिची कठीणता ५६ च्या आसपास, म्हणजे जाणकारांनी नाक मुरडावे इतपतच. पण मऊ पोलादाची धार बहुधा झिजण्याआधी वाकते, आणि वाकलेली धार सरळ करता येते. पोलादी कांडीवर दोन्ही बाजूंनी पाच-सहा वेळा हलक्या हाताने ओढली की काम भागते. तेवढ्याने भागले नाही, तर १००० नंबरचा दगड भिजवून घ्यायचा. चार सेंटिमीटर रुंद पात्याची पाठ दगडापासून साधारण एक सेंटिमीटर उचलली की सुमारे १५ अंशांचा कोन मिळतो. दुसऱ्या बाजूच्या कडेला बोटाला बारीक खरखर लागेपर्यंत एक बाजू घासायची, मग तीच खरखर दुसऱ्या बाजूने घासून काढायची.

मोहात पडून मी एकदा ६१ कठीणतेची सुरीही घेतली होती. तिची धार महिनोन्‌महिने टिकली, कोथिंबीर तर तिच्याखाली नुसती विलग होत असे. मग एके दिवशी भोपळ्याच्या टणक सालीत ती अडकली आणि सवयीप्रमाणे मी मनगट पिळले. आवाज काहीच झाला नाही, पण धारेला मोहरीएवढा खांडा पडला. मऊ पोलाद त्या पिळाने वाकले असते. कठीण पोलादाला वाकणे ठाऊक नसल्यामुळे ते तुटले. असा खांडा घालवायचा म्हणजे त्याच्या तळापर्यंत सगळीच धार मागे नेणे आले, आणि ते काही एका दुपारचे काम नव्हे. भोपळ्याशी हुज्जत घालणाऱ्या हाताला कठीण पोलाद मानवत नाही, असा माझा निष्कर्ष आहे; हात नीट करणे हा दुसरा उपाय मला साधलेला नाही.

आजीची सुरी याहून निराळी, साध्या पोलादाची, काळीकरडी. लिंबू कापून ती तशीच ठेवली, तर पात्यावर ढगासारखा डाग उमटे, म्हणून प्रत्येक कापणीनंतर आजी पदराने पाते पुसत असे. एका रात्री मी ती सुरी ओलीच ठेवून दिली आणि सकाळी तिच्यावर नारिंगी गंज होता. आजी काही बोलली नाही, घासत बसली. स्टेनलेसमध्ये किमान साडेदहा टक्के आणि सुऱ्यांत बहुधा १३ ते १५ टक्के क्रोमियम असते. त्याचा न दिसणारा पापुद्रा पोलादाला हवा-पाण्यापासून राखतो, म्हणून आज माझ्यासारख्यांचा आळस खपून जातो.

पण त्या सुरीचा शेवट पात्याने झाला नाही. एके दिवशी तिची लाकडी मूठ चिरली, दोन फळ्या वेगळ्या झाल्या, आणि आत शिरलेले पोलाद गंजाने पार पोखरलेले दिसले. रोज पुसले जाणारे पाते धडधाकट होते. कोणाला न दिसणारा भाग फुगणाऱ्या-आकसणाऱ्या लाकडाच्या फटीतून वर्षानुवर्षे पाणी पीत होता.

तेव्हापासून सुरी घेताना मी आधी पाते आणि मूठ जिथे भेटतात तिथे नख फिरवून पाहतो. नख अडकले तर तिथे पाणीही अडकणार. लाकूड हाताला सर्वांत प्रेमळ हे मला मान्य आहे, पण ते भिजत ठेवायचे नाही, अधूनमधून तेल लावायचे, हे माझ्याकडून होत नाही. अखंड पोलादी मुठीला फट नसते, मात्र हात ओले असले की ती माशासारखी निसटते. उरते ते पात्यावर थेट ओतून बसवलेले, किंचित खरबरीत प्लास्टिक. दिसायला अगदी सामान्य, पण ओल्या हातातही जागचे न हलणारे. परवा घसरली ती सुरी याच मुठीची आहे.

कांडीने भागले नाही, दगड काढावा लागला. पंधरा मिनिटांनी सुरी टोमॅटोवर नुसती टेकवून ओढली आणि साल उघडली. भोपळ्यात खांडा पडलेली सुरी अजून खणातच आहे. दगड ओलाच होता, पण तिला हात लावला नाही.