पांढरकवड्यात घेतलेलं कृषी केंद्रवाल्यांचं एक दिवसाचं प्रशिक्षण : माझा अनुभव

कपाशीतल्या गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे आणि त्यात बसवायचे, नर पतंगाला गंधाने ओढणारे ल्युअर विकणाऱ्या एका छोट्या कंपनीचं यवतमाळ जिल्ह्यातलं काम मी पाहतो. सापळा तसा साधा, पण दुकानदाराने तो नीट समजावून दिला नाही तर शेतकरी तो धुऱ्यावर टांगतो आणि विसरून जातो. म्हणून केळापूर, मारेगाव, वणी, झरी-जामणी आणि घाटंजी या तालुक्यांतल्या कृषी केंद्रवाल्यांना एक दिवस एकत्र बसवायचं ठरवलं.

पहिला प्रश्न तारखेचा. मृग लागला की कृषी केंद्रात पाय ठेवायला जागा नसते, त्यामुळे मे महिनाच हाताशी होता. पण मे म्हणजे लग्नसराई. मी पंचांग उघडून मुहूर्त नसलेले दिवस काढले, मग त्यातून प्रत्येक गावचा बाजाराचा वार वगळला. बाजाराच्या दिवशी दुकान सोडून कोणी येत नाही आणि त्याने यावं असं म्हणणंही बरोबर नाही. उरले तीन दिवस. मुहूर्त नसल्यामुळे मंगल कार्यालय निम्म्या भाड्यात मिळालं. जागा पांढरकवड्याच्या बसस्टँडपासून पायी जाण्यासारखी घेतली. महामार्गावरचं हॉटेल जास्त चांगलं होतं, पण एसटीने येणाऱ्याला मेच्या उन्हात तिथवर ऑटो शोधत फिरावं लागलं असतं.

आमंत्रणात मात्र मी चुकलो. वितरकाकडून ३६ दुकानांची यादी घेतली, सुंदर कार्ड बनवलं आणि व्हॉट्सअपवर सगळ्यांना पाठवून दिलं. दोन दिवसांत उत्तरं आली चार. फोन केले तेव्हा कारण कळलं. कार्ड पाहून बहुतेकांना वाटलं, ही स्कीमची मीटिंग आहे, तिथे बसवून ऑर्डर लिहून घेतील. एकाने सरळ विचारलं, "भाऊ, येतो आम्ही, पण माल उचलाच लागते काय?" त्या दिवशी मी नवा निरोप लिहिला. ऑर्डर घेतली जाणार नाही, हे पहिल्याच ओळीत. मग ठिकाण, सकाळी साडेदहा ते दुपारी साडेतीन, जेवण आमच्याकडे, जाण्यायेण्याचा खर्च किती आणि कसा मिळेल. एवढंच. आणि प्रत्येकाला स्वतः फोन.

दुसरी अडचण फोनवर पुन्हा पुन्हा यायला लागली : "मी आलो तर दुकान कोन पाहीन?" सुरुवातीला मी त्यांना आग्रह करत होतो. मारेगावकडच्या एका काकांनी उलट मलाच विचारलं, "अरे, काउंटरवर माझा पुतण्या बसते. शेतकऱ्याशी तोच बोलते. त्याले पाठवलं तर नाही चालत काय?" तिथून माझा विचारच बदलला. मालक परवाना आणि उधारी सांभाळतो. ल्युअरचं पाकीट शेतकऱ्याच्या हातात देतो तो मुलगा, भाचा किंवा कामावरचा माणूस. पुढच्या प्रत्येक फोनवर मी म्हणालो, काउंटरवर बसतो त्याला पाठवा, तुम्ही आलात तर अधिक आनंद. होकार २७ वर गेले.

मानपानाचाही एक प्रसंग झाला. यादी जुनी होती, त्यामुळे एकाच गावातल्या दोन दुकानांपैकी एकालाच निरोप गेला होता. दुसऱ्याला ते शेजाऱ्याकडून समजलं. फोनवर मिटण्यासारखं ते नव्हतं, मी गाडी काढून त्यांच्या दुकानात गेलो, माफी मागितली, चहा घेतला. ते आले. तेव्हापासून यादी हाती आली की गावागावातल्या ओळखीच्या माणसाकडून ती एकदा तपासून घेतो : कोणतं दुकान बंद झालं, कोणतं नवं निघालं.

प्रवासखर्चाचं गणित आधीच पक्कं केलं. एसटीचं तिकीट दाखवा, असं म्हटलं तर मोटारसायकलवाल्याकडे दाखवायला काहीच नसतं, आणि येणारे बहुतेक मोटारसायकलवालेच. म्हणून गावापासून कार्यालयापर्यंतचं अंतर काढून तक्ता केला, किलोमीटरला ४ रुपये, दोन्ही बाजूंचे. वणीकडच्या एका गावाचं जाऊन-येऊन ९६ किलोमीटर भरलं, तर ३८४ रुपये. हा आकडा ज्याचा त्याला आदल्या आठवड्यातच कळवला. पैसे पाकिटात घालून चारचौघांत वाटणं मला पटत नाही. हे दुकानदार आहेत, त्यांना ते मजुरी दिल्यासारखं वाटतं. हजेरीवर सही आणि मोबाईल नंबर घेतला आणि संध्याकाळी सहाच्या आत सगळ्यांना यूपीआयने पाठवले.

त्या दिवशी २२ दुकानांतून २६ माणसं आली. आम्ही चौघं धरून ३० ताटं, सांगितली होती ३५. उरलेलं जेवण कार्यालयाच्या माणसांनी घरी नेलं. तीन कूलर लावले होते, त्यांच्या आवाजात मागच्या ओळीला काही ऐकू येईना. माईक आणायला अर्धा तास गेला. कूलर असेल तिथे माईक लागतोच.

जेवणात आलू-वांग्याची भाजी, पोळ्या, वरण-भात, ठेचा, मठ्ठा आणि आमरस. रस खाल्ल्यावर मेच्या दुपारी बोलणं कोणी ऐकणार नाही हे ओळखून, सांगायचं ते सगळं जेवणाआधी संपवलं होतं : एकरी दोन सापळे, पेरणीनंतर साधारण पंचेचाळीस दिवसांनी, पिकाच्या शेंड्यापेक्षा फूट-दीड फूट वर. सलग तीन दिवस एका सापळ्यात रोज आठ किंवा जास्त पतंग आले तरच फवारणीचा विचार.

दुपारी प्रत्येकाच्या हातात सापळा दिला. बघता बघता एक गोष्ट दिसली. एका पोराने खर्रा मळला, त्याच बोटांनी ल्युअर उचलला आणि टोपणाखालच्या खोबणीत बसवला. मी त्याला थांबवून सगळ्यांना ते दाखवलं. ल्युअर म्हणजे मादी पतंगाच्या गंधाची नक्कल. त्याला तंबाखूचा किंवा दुसऱ्या किडीच्या ल्युअरचा वास लागला तर नर पतंग फिरकत नाही, आणि शेतकरी म्हणतो, सापळा रिकामा आहे, म्हणजे बोंडअळी नाही. मग ल्युअर पाकिटातूनच धरून सरकवायला शिकवलं. सापळ्याच्या पिशवीचं खालचं टोक बांधलेलं आहे ना, हेही बघायला लावलं. चौघांनी ते मोकळंच सोडलं होतं.

मग विचारलं, ल्युअर दुकानात ठेवता कुठे? बहुतेकांचं उत्तर एकच, कीटकनाशकाच्या रॅकवर. टिनाच्या छपराखाली, मे महिन्यात! तिथे गंध विकायच्या आधीच उडायला लागतो. थंड जागा हवी, फ्रीज असेल तर उत्तम.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्याच मारेगावकडच्या पुतण्याचा फोन आला. एका शेतकऱ्याच्या सापळ्यात एका रात्रीत नऊ पतंग सापडले होते आणि तो औषध मागायला दुकानात उभा होता. "मी त्याले म्हटलं, आणखी दोन रात्री मोज, मग ये. बरोबर सांगितलं ना?" मी हो म्हणालो. पाठोपाठ त्याने फोटो पाठवला : दुकानाच्या फ्रीजमध्ये थंड पाण्याच्या बाटल्यांशेजारी झाकणाच्या डब्यात ल्युअरची पाकिटं, आणि डब्यावर स्केचपेनने लिहिलेलं, "खर्र्याचा हात लावू नये".