नववी ‘अ’ आणि सरांचा नाला

सुवर्णमहोत्सवाचं निमंत्रण आलं, तेव्हा शाळेची इमारत, पटांगण, प्रार्थनेची घंटा यांच्याआधी मला आमचे मराठीचे सर आठवले. नाव लिहीत नाही, ‘सर’ म्हटलं की आपल्या सगळ्यांना तेच आठवतात. मी आज जे चार शब्द सरळ लिहू शकतो, ते त्यांच्यामुळेच.

१९८५ सालची गोष्ट. सरांनी ‘मला आठवणारा प्रसंग’ हा निबंध दिला होता. मी दोन दिवस कोरी वही घेऊन बसलो आणि तिसऱ्या दिवशी सांगितलं, “सर, माझ्या आयुष्यात लिहिण्यासारखं काही घडलंच नाही.” सर रागावले नाहीत. वहीच्या मधलं जोडपान त्यांनी आडवं उघडलं आणि आपल्या शाळेमागचा नाला वाहतो तशी एक वाकडी रेघ काढली. एका टोकाला जन्म, दुसऱ्या टोकाला आजचा दिवस. “जिथं जिथं तुया नाला वयला, तिथं आडवी रेघ मार आन् त्या तुकड्याले नाव दे.”

मी तीन तुकडे पाडले: बालपण, प्राथमिक शाळा, हायस्कूल. सरांनी पाहिलं आणि म्हणाले, “हे तं साऱ्या वर्गाचं हाये. याच्यात तुयं काय?” बाकावर शेजारी बसणाऱ्याच्या नकाशावर जे नाव तसंच चिकटतं, ते खोडायचं, एवढा त्यांचा नियम. वर्ग बदलला म्हणून नाला वळत नाही. घर बदललं, माणूस आलं किंवा गेलं, रोजचं काम बदललं, की तो वळतो.

दुसऱ्यांदा पाच तुकडे झाले. त्यातली दोन नावं अजून आठवतात: ‘आजीच्या खाटेवर झोपायचो तेव्हा’ आणि ‘बैल विकल्यावर’. मग प्रत्येक तुकड्याखाली सरांनी चार ठिपके मांडायला लावले. एक जागा, एक माणूस, एक वस्तू आणि चौथा, अजून न कळलेली एखादी गोष्ट. चौथा ठिपका मांडायला मला अख्खा तास लागला.

मला वाटलं, आता विषय सापडला, बैल विकल्याचं लिहावं. मी लिहिलंही. दोन पानांत पूर्ण वर्ष कोंबलं: दुष्काळ, कर्ज, बाजार, आईचं रडणं. सरांनी वही परत दिली. “हा पुरा तुकडा झाला. ठिपका घे. एका संध्याकाळी सुरू होऊन दुसऱ्या सकाळी संपते, असं काय हाये याच्यात?” धाकट्या बहिणीच्या तापाचाही ठिपका माझ्या नकाशावर होता. ती त्या तापात गेली होती. त्याच्यावर बोट ठेवून सर इतकंच म्हणाले, “हा राहू दे आता. मोठा झाल्यावर लिहिशील.”

उरला ‘कंदील’ हा ठिपका. बैल विकल्यावर काकाजींची जोडी मागून आणली होती. बंडीत कापूस भरून बाबा आणि मी खरेदी केंद्रावर गेलो. १९७२ पासून एकाधिकार खरेदी होती, कापूस दुसरीकडे विकायची सोय नव्हती, म्हणून बंड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत. मी बंडीत कापसावर झोपलो. ठिणगीच्या भीतीनं बाबांनी कंदील दूर नेऊन ठेवला आणि त्या थंडीत त्याच्याजवळ बसून राहिले. सकाळी ग्रेडरनं बंडीत हात खुपसला, मूठभर कापूस काढून चिमटीत धागा ओढून पाहिला आणि “कवडी आहे” म्हणून खालचा दर्जा लावला. बाबा काही बोलले नाहीत. घरी आल्यावर आजीला म्हणाले, “माय, कापूस चांगला गेला.”

बाबा खोटं का बोलले, हा माझा चौथा ठिपका होता. त्याचं उत्तर निबंधात लिहू नको, असं सरांनी बजावलं. फक्त कंदील, हात आणि ते वाक्य लिही. दहापैकी सात गुण मिळाले आणि खाली लाल शाईत, ‘बाबांना वाचून दाखव.’

मी दाखवला नाही. धीर झाला नाही.

आज मी तालुक्याला कृषी खात्यात आहे, शेतकऱ्यांसाठी माहितीपत्रकं लिहितो. माझ्या मुलीला शाळेतून निबंध मिळाला की ती गाइड उघडते, विषय तयार, मुद्देही तयार. फार वाईट वाटतं. मागच्या महिन्यात तिच्यासाठी सरांचा नाला काढला. तिनं लिहिलं, ‘कोरोनात शाळा बंद’. मी विचारलं, हे तर सगळ्या वर्गाचं, यात तुझं काय? बराच वेळ गेला. मग तिनं ते खोडून लिहिलं, ‘आजोबांच्या फोनवर शिकायची तेव्हा’, आणि वस्तूच्या जागी तडकलेली काच.

त्याच रात्री जुनी वही काढली आणि खाटेवर बसलेल्या बाबांना तो निबंध वाचून दाखवला. त्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं.

“एक रात नोयती रे ते,” म्हणाले, “तीन राती होत्या. दोन राती तू घरीच होता.”